रक्तद्रवाचे आकारमान वाढविणारे शिरेतील द्रव : स्फटिकाभ व कलिल द्रवांची घटना, गती आणि उपयुक्तता (परभणी जिल्ह्यातील ग्रामीण आरोग्यसेवेच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : रक्तद्रव, स्फटिकाभ द्रव, कलिल द्रव, तर्षण दाब, सलाईन, रिंगर लॅक्टेट, अल्ब्युमिन

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही गावात 'सलाईन लावली' हा शब्दप्रयोग सर्वपरिचित आहे. उन्हाळ्यात अशक्तपणा आला, तापाने अंग मोडून गेले, जुलाब लागले किंवा अपघातात रक्त गेले, तरी रुग्णाचे नातेवाईक एकच मागणी करतात. शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक द्रवाला लोकभाषेत 'सलाईन' हेच नाव आहे. वस्तुतः त्या पारदर्शक बाटल्यांत परस्परांहून अत्यंत भिन्न गुणधर्मांचे द्रव असतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांपैकी एक रक्तस्रावाच्या रुग्णास तात्पुरता आधार देते, तर दुसरीतील बहुतांश पाणी अल्पावधीत पेशींमध्ये शिरते आणि रक्तदाब होता तेथेच राहतो.

प्रस्तुत लेखात या द्रवांचे स्फटिकाभ म्हणजे क्रिस्टलॉईड आणि कलिल म्हणजे कोलॉईड असे दोन वर्ग विचारात घेतले आहेत. शिरेत सोडलेला एक लिटर द्रव शरीरात कोठे जातो आणि रक्तवाहिन्यांत किती काळ टिकतो, हा एकच प्रश्न संपूर्ण विवेचनाचा आधार आहे. या प्रश्नाचे उत्तर समजले की कोणत्या प्रसंगी कोणता द्रव योग्य, हे पाठ करण्याची गरज उरत नाही.

शरीरातील पाण्याचे तीन कप्पे

साठ किलोग्रॅम वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते. यांपैकी सुमारे २४ लिटर पेशींच्या आत व १२ लिटर पेशींबाहेर असते. पेशींबाहेरील १२ लिटरपैकी सुमारे ९ लिटर पेशींच्या फटींत आणि अवघे ३ लिटर रक्तवाहिन्यांत रक्तद्रवाच्या म्हणजे प्लाझ्माच्या रूपाने असते. रक्ताभिसरण टिकविण्याचे काम मुख्यत्वे या ३ लिटरवर अवलंबून आहे.

या तीन कप्प्यांमध्ये दोन निरनिराळ्या भिंती आहेत. पेशीचे आवरण पाण्यास मोकळी वाट देते. मात्र सोडियमला ते आत टिकू देत नाही, आत आलेले सोडियम पेशी सतत बाहेर फेकते. केशवाहिन्यांची भिंत सोडियम, क्लोराईड यांसारख्या लहान आयनांना सहज पार होऊ देते, परंतु अल्ब्युमिनसारख्या मोठ्या रेणूंना बव्हंशी अडवून धरते. अल्ब्युमिनचा रेणुभार सुमारे ६६ हजार आहे. असे मोठे रेणू रक्तवाहिनीत राहून पाणी आत धरून ठेवतात. या ओढीस कलिल तर्षण दाब म्हणतात आणि तो साधारणतः २५ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. या दाबाचा आणि केशवाहिनीतील रक्तदाबाचा मेळ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडला.

'क्रिस्टलॉईड' व 'कोलॉईड' या संज्ञा मात्र त्याहून जुन्या आहेत. थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये पातळ पडद्यातून पार जाणारे, स्फटिक बनणारे पदार्थ आणि पार न जाणारे, सरसासारखे चिकट पदार्थ असा भेद केला. कोलॉईड या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थच सरस असा आहे. आजही कलिल द्रवांपैकी जिलेटिनचा द्रव जनावरांच्या हाडांपासून मिळणाऱ्या सरसाच्या जातीचाच आहे.

प्रचलित द्रवांची घटना

स्फटिकाभ द्रवांमध्ये पाण्यात विरघळलेले क्षार किंवा साखर असते. नेहमीच्या वापरातील चार द्रवांची घटना कोष्टकात दिली आहे. आकडे मिलिमोल प्रति लिटर या एककात असून उत्पादकानुसार त्यांत किंचित फरक आढळतो.

कोष्टक क्र. १ : स्फटिकाभ द्रवांची घटना

| द्रव | सोडियम | क्लोराईड | इतर घटक |
|---|---|---|---|
| रक्तद्रव (तुलनेसाठी) | १३५–१४५ | ९५–१०५ | पोटॅशियम ३.५–५ |
| नॉर्मल सलाईन ०.९% | १५४ | १५४ | नाही |
| रिंगर लॅक्टेट | १३० | १०९ | पोटॅशियम ४, लॅक्टेट २८, अल्प कॅल्शियम |
| डेक्स्ट्रोज ५% | ० | ० | ग्लुकोज ५० ग्रॅम |
| डेक्स्ट्रोज सलाईन (डीएनएस) | १५४ | १५४ | ग्लुकोज ५० ग्रॅम |

कोष्टकातील दोन बाबी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, 'नॉर्मल' म्हटल्या जाणाऱ्या सलाईनमधील क्लोराईड रक्तातील क्लोराईडच्या सुमारे दीडपट आहे. म्हणून हा द्रव अनेक लिटर दिल्यास रक्तात क्लोराईड साचते व रक्ताची आम्लता वाढते. रिंगर लॅक्टेटमध्ये हा दोष कमी आहे, कारण त्यातील लॅक्टेटचे यकृतात बायकार्बोनेटमध्ये रूपांतर होते. दुसरी बाब डेक्स्ट्रोजची. त्यात सोडियम मुळीच नाही. शुद्ध पाणी शिरेत सोडल्यास तांबड्या पेशी फुगून फुटतील. ते टाळण्यापुरतीच त्यात साखर घातलेली असते. ही साखर पेशी वापरून टाकतात आणि मागे निव्वळ पाणी उरते. एका लिटरमधून सुमारे १७० ते २०० कॅलरी मिळतात, म्हणजे ज्वारीच्या एका भरघोस भाकरीएवढी ऊर्जा. 'ग्लुकोजच्या बाटलीने ताकद येते' या समजुतीचे मोजमाप एवढेच आहे.

कलिल द्रवांत अल्ब्युमिन हा मानवी रक्तापासून मिळविलेला नैसर्गिक घटक असून तो ५ व २० टक्के यांसारख्या तीव्रतांत मिळतो. जिलेटिन, डेक्स्ट्रान आणि हायड्रॉक्सिएथिल स्टार्च हे कृत्रिम कलिल होत. जिलेटिनचे रेणू तुलनेने लहान असल्याने ते काही तासांतच मूत्रावाटे निघून जातात. डेक्स्ट्रानमुळे रक्त गोठण्यात बाधा येते व रक्तगट जुळविण्याच्या चाचणीतही अडथळा होऊ शकतो, म्हणून ते देण्यापूर्वी रक्ताचा नमुना घेऊन ठेवणे आवश्यक असते. सर्वच कृत्रिम कलिलांमुळे क्वचित तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया संभवते.

एक लिटरचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ५ टक्के डेक्स्ट्रोजमधील पाण्यास कोणतीच भिंत अडवीत नाही, म्हणून ते संपूर्ण ३६ लिटरमध्ये पसरते. रक्तवाहिन्यांचा वाटा ३६ पैकी ३, म्हणजे बारावा हिस्सा. एक लिटरपैकी सुमारे ८० मिलिलिटर रक्तवाहिन्यांत उरते. नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट यांतील सोडियम पेशीबाहेरच राहते, त्यामुळे त्याबरोबरचे पाणीही प्रामुख्याने १२ लिटरच्या कप्प्यात राहते. रक्तवाहिन्यांचा वाटा १२ पैकी ३, म्हणजे एक लिटरपैकी सुमारे २५० मिलिलिटर. कलिल द्रवाचे रेणू केशवाहिनीच्या भिंतीपाशी अडतात, म्हणून त्याचा बहुतांश भाग आरंभी रक्तवाहिन्यांतच राहतो.

या हिशेबावरून पूर्वी असा नियम शिकविला जात असे की, एक लिटर कलिलाचे काम करण्यास तीन ते चार लिटर स्फटिकाभ द्रव लागतो. प्रत्यक्ष रुग्णांवरील अभ्यासांत हा नियम टिकला नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील अतिदक्षता विभागांतील सुमारे ७ हजार रुग्णांवर झालेला 'सेफ' हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४ टक्के अल्ब्युमिन व नॉर्मल सलाईन यांची तुलना केली असता सलाईन केवळ सुमारे १.४ पट लागले आणि २८ दिवसांतील मृत्युदरात फरक आढळला नाही.

सिद्धान्त व अनुभव यांतील ही तफावत दोन कारणांनी स्पष्ट होते. एक म्हणजे रक्तदाब घसरलेल्या रुग्णाच्या केशवाहिन्यांतही दाब कमी असतो, त्यामुळे द्रव बाहेर ढकलला जाण्याचा वेग मंदावतो आणि सलाईन अपेक्षेहून अधिक काळ आत टिकते. दुसरे असे की, केशवाहिनीच्या आतील बाजूस ग्लायकोकॅलिक्स नावाचे शर्करा व प्रथिनांचे नाजूक अस्तर असते. मोठ्या रेणूंना अडविण्याचे काम बव्हंशी हे अस्तर करते. जंतुदोष, भाजणे वा तीव्र इजा यांत ते विरते आणि मग महागडे कलिलही वाहिनीबाहेर पाझरते. ज्या रुग्णास कलिलाची सर्वाधिक गरज भासते, त्याच्याच शरीरात कलिल टिकण्याची शक्यता कमी असते, हा या विषयातील मुख्य पेच होय.

स्टार्चचा उदय आणि अस्त

हायड्रॉक्सिएथिल स्टार्चचा इतिहास संशोधन करणाऱ्या प्राध्यापकवर्गास विशेष उद्बोधक आहे. अल्ब्युमिनपेक्षा स्वस्त व जिलेटिनपेक्षा टिकाऊ म्हणून हा द्रव जगभर लोकप्रिय झाला. त्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांत जर्मनीतील भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट हे अग्रणी होते. २०१० मध्ये त्यांच्या एका शोधनिबंधातील आकड्यांविषयी शंका उपस्थित झाल्या. चौकशीनंतर २०११ मध्ये त्यांचे ८० हून अधिक निबंध नैतिक समितीच्या मान्यतेअभावी मागे घेण्याचा निर्णय अनेक नियतकालिकांच्या संपादकांनी जाहीर केला.

त्यानंतर २०१२ मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. तीव्र जंतुदोषाच्या सुमारे ८०० रुग्णांवरील '६-एस' या अभ्यासात ९० दिवसांतील मृत्युदर स्टार्चच्या गटात ५१ टक्के व रिंगर ॲसिटेटच्या गटात ४३ टक्के आढळला. सुमारे ७ हजार रुग्णांवरील 'चेस्ट' या अभ्यासात मृत्युदर समान होता. तथापि स्टार्च मिळालेल्या अधिक रुग्णांना मूत्रपिंड निकामी झाल्याने डायलिसिससारखे उपचार द्यावे लागले. २०१३ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा बोल्ट यांचे निबंध वगळताच स्टार्चमुळे मृत्यूचा धोका वाढतो असा निष्कर्ष हाती आला. युरोपीय औषध नियामकांनी आधी त्यावर निर्बंध घातले व २०२२ मध्ये त्याची विक्री स्थगित करण्याचा निर्णय झाला. सदोष निबंधांची भर पडल्याने एकत्रित निष्कर्षच कसा फिरतो, याचे हे उदाहरण आहे.

एका रुग्णाचा हिशेब

वरील तत्त्वे एका कल्पित उदाहरणाने तपासून पाहू. गंगाखेडच्या रस्त्यावर दुचाकीच्या अपघातात मांडीचे हाड मोडलेला साठ किलोचा तरुण शेतकरी ग्रामीण रुग्णालयात आणला आहे. त्याच्या शरीरातील सुमारे साडेचार लिटर रक्तापैकी एक लिटर गेले आहे. नाडीचा वेग १२०, हातपाय थंड. वरचा रक्तदाब अजून ११० आहे, पण खालचा ९० वर चढला आहे. वरच्या व खालच्या दाबांतील हे घटलेले अंतर ही रक्त कमी झाल्याची आरंभीची खूण होय. वरचा दाब घसरेपर्यंत थांबल्यास उशीर होतो.

या रुग्णास ५ टक्के डेक्स्ट्रोजची अर्ध्या लिटरची एक बाटली लावली, तर वरील हिशेबाने अखेरीस रक्तवाहिन्यांत ४० मिलिलिटर उरतील. एक लिटरची तूट चाळीस मिलिलिटरने भरत नाही, आणि वर डोक्यालाही मार असल्यास हेच पाणी मेंदूच्या पेशींत शिरून सूज वाढवील. डेक्स्ट्रोज सलाईन टिकते, पण घाईघाईने दिल्यास रक्तशर्करा वाढते व साखर मूत्रात उतरून पाणीही घेऊन जाते. मग लघवी चांगली झाली म्हणून रुग्ण सुधारल्याचा भ्रम होतो. म्हणून येथे रिंगर लॅक्टेट किंवा नॉर्मल सलाईन हीच योग्य निवड. मेंदूस इजा असल्यास नॉर्मल सलाईन अधिक इष्ट, कारण रिंगर लॅक्टेट रक्ताच्या तुलनेत किंचित सौम्य आहे. 'सेफ' अभ्यासातील मेंदूला मार लागलेल्या रुग्णांत अल्ब्युमिनने मृत्यू वाढले, हेही येथे ध्यानात ठेवावे.

मात्र योग्य द्रवालाही मर्यादा आहे. समजा या तरुणाचे हिमोग्लोबिन १२ होते. उरलेल्या साडेतीन लिटर रक्तात ४२० ग्रॅम हिमोग्लोबिन आहे. द्रवाने रक्ताचे आकारमान पुन्हा साडेचार लिटर केले, तर हेच ४२० ग्रॅम ४५ डेसिलिटरमध्ये विभागले जाऊन हिमोग्लोबिन ९.३ होईल. आकारमान भरले, परंतु प्राणवायू वाहणारी एकही पेशी वाढली नाही. गोठण्यास आवश्यक घटकही तेवढेच विरळ झाले. रक्तस्राव चालू असताना बाटलीमागून बाटली दिल्यास रक्त पातळ होते, वाढलेल्या दाबाने बसलेली गुठळी सुटते व स्राव वाढतो. म्हणूनच आघातोपचाराच्या सध्याच्या पद्धतीत प्रौढास आरंभी एक लिटरपर्यंतच स्फटिकाभ द्रव देऊन, गरज उरल्यास त्वरेने रक्त देण्यावर भर आहे. हाडास आधार देणे, स्राव थांबविणे आणि रक्तपेढीची सोय असलेल्या परभणी वा नांदेडच्या रुग्णालयाकडे वेळेत रवाना करणे हाच मुख्य उपचार होय. रक्त देतेवेळी त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट देऊ नये, कारण त्यातील कॅल्शियममुळे रक्ताच्या नळीत गुठळ्या होण्याचा संभव असतो.

भिन्न परिस्थिती, भिन्न निवड

तीव्र जुलाबांत शरीरातून पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम व बायकार्बोनेट जातात. म्हणून अत्यवस्थ रुग्णास रिंगर लॅक्टेट उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार एक वर्षावरील रुग्णास किलोमागे १०० मिलिलिटर देतात. त्यांपैकी ३० मिलिलिटर अर्ध्या तासात व उरलेले ७० पुढील अडीच तासांत. पिता येऊ लागताच क्षारसंजीवनी सुरू करावयाची. जो रुग्ण पिऊ शकतो, त्याला सुईची गरजच नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतील द्रव संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेच्या पाण्याने सिद्ध केले. सतत उलट्यांत मात्र जठराम्लाबरोबर क्लोराईड जाते, म्हणून तेथे क्लोराईडयुक्त नॉर्मल सलाईन श्रेयस्कर. इतरत्र जो त्याचा दोष, तोच येथे गुण ठरतो.

डेंग्यू ही कलिलाची बाजू अजूनही काही अंशी टिकून असलेली अवस्था आहे. त्यात रक्तद्रव केशवाहिन्यांतून पाझरतो आणि तांबड्या पेशी मागे राहतात, त्यामुळे हिमॅटोक्रिट वाढते. व्हिएतनाममधील मुलांवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम स्वरूपाच्या आघातावस्थेत रिंगर लॅक्टेट कलिलांइतकेच परिणामकारक ठरले. म्हणून प्रारंभ स्फटिकाभ द्रवानेच करतात. तो देऊनही नाडी सुधारली नाही व हिमॅटोक्रिट चढेच राहिले, तर कलिलाचा विचार होतो. याउलट रुग्ण खालावत असताना हिमॅटोक्रिट घसरले, तर आत कोठेतरी रक्तस्राव होत आहे असे समजून रक्ताची तयारी करावी लागते. हा पाझर साधारणतः २४ ते ४८ तासांत थांबतो व बाहेर गेलेला द्रव रक्तात परततो. त्या वेळीही बाटली चालूच ठेवल्यास श्वास लागतो, छातीत पाणी साचते.

द्रव न देण्याचा विवेक शिकविणारे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड येथे लाल विंचवाच्या दंशाचा प्रदीर्घ अभ्यास केला. दंशानंतर रुग्णास दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय थंड पडतात. वरकरणी सर्व चित्र द्रव कमी झाल्याचे. परंतु विषामुळे रक्तवाहिन्या आकसून हृदयावर प्रचंड ताण आलेला असतो आणि फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका असतो. अशा रुग्णास भराभर सलाईन देणे घातक. डॉ. बावस्कर यांनी प्राझोसिन हे आकसलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध वापरात आणले व मृत्यूंचे प्रमाण घटविले. घाम-उलट्यांतून गेलेले पाणी शक्यतो तोंडावाटे भरून काढावयाचे. थंड हातपाय हे लक्षण एकच, पण गंगाखेडच्या त्या तरुणात त्याचा अर्थ एक व विंचूदंशात दुसरा होतो.

अशी सावधगिरी बालकांतही हवी. आफ्रिकेतील तीन हजारांहून अधिक तापाने अत्यवस्थ मुलांवरील 'फीस्ट' हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. भराभर सलाईन वा अल्ब्युमिन दिलेल्या गटांत ४८ तासांतील मृत्यू सुमारे साडेदहा टक्के, तर तसे न दिलेल्या गटात सुमारे सव्वासात टक्के होते. जुलाबांमुळे पाणी घटलेली मुले या अभ्यासात नव्हती, हा भेद महत्त्वाचा आहे. हरवलेले परत देणे हितकर, न हरवलेले ओतणे अहितकर, असा त्याचा आशय होय.

निष्कर्ष

१. रक्तद्रवाची तूट भरण्यास ५ टक्के डेक्स्ट्रोज निरुपयोगी आहे. त्याचा बारावा हिस्साच रक्तवाहिन्यांत राहतो.

२. बहुतांश प्रसंगी आरंभीचा द्रव म्हणून रिंगर लॅक्टेट वा नॉर्मल सलाईन पुरेसे व सुरक्षित आहे. कलिल अधिक काळ टिकते हे तत्त्वतः खरे असले, तरी त्यामुळे अधिक जीव वाचतात असे सर्वसाधारणपणे दिसून आलेले नाही. स्टार्चच्या बाबतीत तर हानीच सिद्ध झाली. अल्ब्युमिनच्या एका लहान बाटलीस काही हजार रुपये मोजावे लागतात, हेही लक्षात घ्यावे लागते.

३. कोणताही द्रव रक्ताची जागा घेत नाही. स्राव चालू असताना तो केवळ वेळ मिळवून देतो; तो वेळ स्राव थांबविण्यास व रक्त मिळविण्यास वापरावयाचा असतो.

४. प्रत्येक बाटलीनंतर नाडी, दोन दाबांतील अंतर, हातापायांची ऊब, लघवीचे प्रमाण आणि श्वासाचा वेग पुन्हा पाहणे अनिवार्य आहे. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिलिलिटर होऊ लागली की प्रौढात भरणा पुरेसा होत आल्याचे समजते. श्वास वाढला, छातीत खरखर ऐकू आली, तर बाटली बंद करणे हाच उपचार ठरतो.

बाटलीवर छापलेले नाव वाचण्याची सवय केवळ परिचारिकेपुरती मर्यादित राहू नये. रुग्णाजवळ बसलेल्या सुशिक्षित नातेवाइकाने 'सलाईन लावली का' याऐवजी 'कोणते लावले व कशासाठी' असे विचारले, तर निवडीचा विचार दोन्ही बाजूंनी होईल.